विश्लेषण : राजीनाम्याची तारीख ठरवण्याआधी ग्रॅच्युइटीचा हिशेब का मांडायला हवा?

साडेअठरा वर्षांच्या नोकरीनंतर राजीनामा द्यायला निघालेल्या एका कर्मचारी महिलेला तिच्या सहकाऱ्याने पत्र लिहिले. पत्रात निरोपाचे शब्द कमी आणि हिशेबच जास्त होता. कारण ग्रॅच्युइटीचा तिने मनाशी धरलेला आकडा चुकीचा होता आणि कंपनीने तोंडी सांगितलेला आकडाही.

पिंपरी-चिंचवड परिसरातील यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत ती १ सप्टेंबर २००७ रोजी रुजू झाली. खरेदी विभागात लागली आणि तिथेच राहिली. घरी आजारी सासूबाई आणि मुलाची दहावी. त्यामुळे यंदा २० जानेवारीला राजीनामा द्यायचा, महिनाभराची नोटीस भरायची आणि २० फेब्रुवारीला बाहेर पडायचे, असे तिने ठरवले. ग्रॅच्युइटीतून घरकर्जाचा उरलेला भाग फिटेल, असाही तिचा अंदाज होता. इंटरनेटवरच्या सूत्रात तिने दरमहा ७८ हजारांचा पूर्ण पगार टाकला, तेव्हा उत्तर आले ८ लाख १० हजार. मनुष्यबळ विभागात विचारले, तर तिथून सांगितले गेले ३ लाख २४ हजार. तारखेचे विचारल्यावर उत्तर मिळाले, ‘‘मॅडम, आठवडाभर पुढेमागे झाल्याने काही फरक पडत नाही.’’

तिने ही गोष्ट लेखा विभागातल्या ज्येष्ठ सहकाऱ्याला सांगितली. त्याने रात्री बसून पत्र लिहिले. सुरुवातच अशी होती : ‘‘ताई, राजीनामा द्यायचा की नाही हे तुम्हीच ठरवायचे आहे, त्यात मी पडत नाही. पण कागद हातात देण्याआधी हा हिशेब एकदा बघा. दोन्ही आकडे चुकले आहेत. एक तुमच्या बाजूने फुगला आहे, दुसरा कंपनीच्या बाजूने आटला आहे.’’

ग्रॅच्युइटी म्हणजे नेमके काय?

सरकारी मराठीत ग्रॅच्युइटीला ‘उपदान’ म्हणतात. या शब्दामुळे ती मालकाने खुशीने दिलेली देणगी वाटते. पूर्वी ती बऱ्याच अंशी तशीच होती, पण १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्यानंतर तिला हक्काचे रूप आले. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत सलग पाच वर्षे काम केले की निवृत्ती असो वा राजीनामा, ग्रॅच्युइटी द्यावीच लागते. मृत्यू किंवा अपंगत्व आल्यास पाच वर्षांची अटही नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली. मूळ चौकट तीच राहिली. वेतन कशाला म्हणायचे, ही व्याख्या मात्र बदलली. या प्रकरणातला मोठा फरक तिथेच आहे.

पत्रात सूत्र एका ओळीत दिले होते : शेवटचे मासिक वेतन भागिले २६, गुणिले १५, गुणिले सेवेची वर्षे. म्हणजे प्रत्येक वर्षासाठी पंधरा दिवसांचे वेतन. भागाकार तीसने न करता २६ ने का, तर महिन्यातले आठवडी सुटीचे चार दिवस वगळून कामाचे दिवस २६ धरले जातात. यावर पूर्वी वाद होता. सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये दिग्विजय वूलन मिल्सच्या प्रकरणात २६ ने भागण्याची पद्धत मान्य केली आणि पुढे १९८७ मध्ये ती कायद्याच्या मजकुरातच आली. कंपनीत आठवडा पाच दिवसांचा असला तरी मासिक पगारदारासाठी आकडा २६ च राहतो.

सूत्र सोपे असले तरी त्यात दोनच गोष्टी बाहेरून भरायच्या असतात : वेतन आणि वर्षे. चुकाही याच दोन ठिकाणी होतात.

आठ लाखांचा आकडा कुठे चुकला?

कर्मचाऱ्याच्या मनात पगार म्हणजे महिन्याचा सगळा मोबदला. ग्रॅच्युइटीसाठी तो सगळा धरला जात नाही. जुन्या कायद्यात मूळ वेतन आणि महागाई भत्ता एवढेच वेतन होते. घरभाडे भत्ता, बोनस, कमिशन, जादा कामाचा मोबदला हे सगळे बाहेर.

या महिलेच्या ७८ हजारांत मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून ३१,२०० रुपये होते. उरलेले ४६,८०० रुपये घरभाडे भत्ता, प्रवास भत्ता आणि भविष्य निर्वाह निधीतला कंपनीचा वाटा यांत विभागलेले. तिने सूत्रात ७८ हजार टाकल्यामुळे एका वर्षाचे ४५ हजार आणि १८ वर्षांचे ८ लाख १० हजार झाले. पत्रात लिहिले होते, ‘‘हा आकडा विसरा. त्यावर कर्जाचा बेत आखू नका.’’

मग कंपनीचे सव्वातीन लाख बरोबर का नाहीत?

मनुष्यबळ विभागाने ३१,२०० हे वेतन धरले. त्याला २६ ने भागून १५ ने गुणले की वर्षाचे १८ हजार येतात आणि १८ वर्षांचे ३ लाख २४ हजार. जुन्या कायद्याप्रमाणे ही वेतनाची बाजू बिनचूक होती. पण ती बाहेर पडणार होती फेब्रुवारी २०२६ मध्ये, म्हणजे संहिता लागू झाल्यानंतर.

नव्या व्याख्येतही घरभाडे भत्ता, प्रवास भत्ता, भविष्य निर्वाह निधीतील मालकाचा वाटा अशा रकमा वेतनातून वगळलेल्याच आहेत. मात्र त्यावर एक मर्यादा आली आहे. वगळलेल्या रकमांची बेरीज एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाली, तर निम्म्यावरचा भाग पुन्हा वेतनात मिळवायचा.

इथे एकूण मोबदला ७८ हजार, त्याचे निम्मे ३९ हजार. वगळलेल्या रकमा ४६,८००. म्हणजे मर्यादेच्या वर ७,८०० रुपये गेले. ते ३१,२०० मध्ये मिळवले की वेतन होते ३९ हजार. त्याला २६ ने भागले की दिवसाचे दीड हजार आणि पंधरा दिवसांचे २२,५००. कंपनीच्या हिशेबातील १८ हजारांपेक्षा वर्षाला साडेचार हजार जास्त.

आणि हा नवा दर फक्त नोव्हेंबर २०२५ नंतरच्या महिन्यांना लागायचा नसतो. ग्रॅच्युइटी शेवटच्या वेतनावर ठरते आणि तोच दर सेवेच्या सगळ्या वर्षांना लागतो. २००७ मध्ये ती किती पगारावर लागली, हे या हिशेबात कुठेच येत नाही. त्यामुळे १८ वर्षे धरली तरी रक्कम ४ लाख ५ हजार होते. मनुष्यबळ विभागाच्या आकड्यापेक्षा ८१ हजारांनी जास्त.

यात कंपनीने मुद्दाम काही लपवले असेलच असे नाही. हिशेबाच्या संगणक प्रणालीत जुनीच व्याख्या राहिली, इतके साधे कारण असू शकते. पण प्रणाली अद्ययावत नसल्याचा भुर्दंड बाहेर पडणाऱ्या माणसाने का सोसायचा, हा पत्रातला प्रश्न रास्त आहे.

तेरा दिवसांनी काय बदलते?

पत्राचा सर्वात उपयोगी भाग तारखांचा होता. सेवेची पूर्ण वर्षे मोजायची आणि शेवटच्या अपूर्ण वर्षात सहा महिन्यांपेक्षा जास्त काम झाले असेल तर तेही पूर्ण वर्ष धरायचे, असा नियम आहे. सहा महिन्यांहून कमी भरले तर तो काळ हिशेबातून गळतो.

१ सप्टेंबर २००७ पासून मोजले तर ३१ ऑगस्ट २०२५ ला १८ वर्षे पूर्ण झाली. पुढचे सहा महिने २८ फेब्रुवारी २०२६ ला भरतात. तिचा शेवटचा दिवस होता २० फेब्रुवारी. म्हणजे १८ वर्षे, ५ महिने आणि २० दिवस. आठ दिवस कमी पडल्यामुळे जवळजवळ अर्धे वर्ष वाया जाणार होते. तिने शेवटचा दिवस ५ मार्च ठेवला, तर सेवा १८ वर्षे ६ महिने ५ दिवस होते आणि हिशेबात १९ वर्षे येतात. तेरा दिवस जास्त काम करून २२,५०० रुपयांचा फरक, शिवाय त्या दिवसांचा पगार वेगळाच.

पत्रलेखकाने इथे एक गोष्ट ठळक केली होती. राजीनामा कोणत्या तारखेला दिला, याला महत्त्व नाही. महत्त्व आहे ते सेवेतल्या शेवटच्या दिवसाला. बरेच जण राजीनामा देतात आणि नोटिशीच्या काळाचे पैसे भरून लगेच मोकळे होतात. तसे केले तर सेवा त्याच दिवशी संपते. भरलेल्या पैशांनी नोटीस पूर्ण होते, पण सेवेचे दिवस वाढत नाहीत. ‘‘साहेब लवकर सोडतो म्हणाले, तरी हो म्हणण्याआधी कॅलेंडर बघा,’’ असे त्याने लिहिले.

तारखेने फरक पडत नाही, असे का सांगितले गेले?

हे कोडे सोडवण्यासाठी त्याने तिच्याकडून जुने नियुक्तिपत्र मागवून घेतले होते. २००७ मध्ये ती सहा महिन्यांच्या परिवीक्षेवर लागली आणि १ मार्च २००८ रोजी कायम झाली. मनुष्यबळ विभागाच्या नोंदीत सेवेची सुरुवात म्हणून हीच कायम झाल्याची तारीख होती. तिथून मोजले तर २० फेब्रुवारीला १७ वर्षे ११ महिने होतात, म्हणजे हिशेबात १८. आणि ५ मार्चला १८ वर्षे ५ दिवस, म्हणजे पुन्हा १८. त्यांच्या दृष्टीने तारखेने खरेच काही बदलत नव्हते. मोजणीचा आरंभच चुकला होता.

परिवीक्षेचा काळ सेवेतच धरला जातो. कायद्याने वगळले आहेत ते शिकाऊ उमेदवार. परिवीक्षेवरचा कर्मचारी शिकाऊ नसतो, तो पहिल्या दिवसापासून कर्मचारीच असतो. म्हणून ग्रॅच्युइटीसाठी रुजू झाल्याची तारीख धरायची.

तिला आणखी एक शंका होती. बाळंतपणानंतर तिने तीन महिने बिनपगारी रजा घेतली होती. ती सेवेतून वजा होईल का? रजा, आजारपण, अपघात यांमुळे पडलेल्या खंडाने सेवेची सलगता तुटत नाही, अशी तरतूद जुन्या कायद्यातही होती आणि संहितेतही आहे. रजा मंजूर झालेली होती. मंजुरीचा ई-मेल तिच्याकडे होता. तो छापून फाइलला लावा, एवढेच पत्रात सुचवले होते. असे कागद राजीनाम्यानंतर कंपनीच्या ई-मेलमधून काढता येत नाहीत, कारण शेवटच्या दिवशीच ते खाते बंद होते.

तर शेवटचा हिशेब असा : ३९ हजार वेतन, वर्षाला २२,५०० आणि १९ वर्षे. एकूण ४ लाख २७ हजार ५००. तिच्या स्वप्नातल्या आकड्यापेक्षा बराच कमी, पण कंपनीच्या आकड्यापेक्षा १ लाख ३ हजार ५०० रुपयांनी जास्त.

पैसे कधी मिळतात, किती हातात येतात?

ग्रॅच्युइटी देय झाल्यापासून ३० दिवसांत ती देणे मालकावर बंधनकारक आहे. कर्मचाऱ्याने विहित नमुन्यात अर्ज करावा. पण अर्ज आला नाही म्हणून रक्कम ठरवायची नाही, असे मालकाला म्हणता येत नाही. अर्ज येवो न येवो, रक्कम ठरवून कळवण्याची जबाबदारी त्याचीच. उशीर झाला तर व्याज द्यावे लागते. १९८७ च्या अधिसूचनेने जुन्या कायद्याखाली हा दर सरळ १० टक्के ठरला होता. रकमेवरून मतभेद झाले, तर जेवढी रक्कम मालकाला मान्य आहे तेवढी त्याने ग्रॅच्युइटीसाठी नेमलेल्या प्राधिकाऱ्याकडे जमा करायची आणि वादाचा निवाडाही त्याच्याकडेच मागायचा. म्हणजे आलेली रक्कम कमी वाटली तरी ती स्वीकारून उरलेल्या रकमेसाठी दाद मागता येते. फक्त ‘पूर्ण व अंतिम, आता काही येणे नाही’ अशा कागदावर सही करण्याआधी आकडा तपासून घ्यायचा आणि मतभेद असेल तर तो लेखी नोंदवायचा.

कराची चिंता तिला नव्हती, कारण खासगी कर्मचाऱ्यांना आयुष्यभरात मिळून २० लाखांपर्यंतची कायदेशीर ग्रॅच्युइटी प्राप्तिकरातून मुक्त आहे. आधीच्या नोकरीत काही ग्रॅच्युइटी मिळाली असेल, तर ती या २० लाखांत मोजली जाते. तिची ही पहिलीच नोकरी.

आणि ‘नीट हस्तांतर केले नाही तर ग्रॅच्युइटी अडकवू’ ही कार्यालयांत ऐकू येणारी धमकी? ग्रॅच्युइटी जप्त करण्याची कारणे कायद्यात मोजकी आहेत : मालमत्तेचे जाणूनबुजून केलेले किंवा निष्काळजीपणाने झालेले नुकसान, हिंसक किंवा दंगेखोर वर्तन, कामाच्या ओघात केलेला नैतिक अधःपतनाचा गुन्हा. तेही त्या कारणासाठी नोकरीवरून काढले असेल तरच. साहेबांची नाराजी त्या यादीत नाही.

एप्रिलपर्यंत थांबावे का?

शेवटच्या वेतनाचा नियम समजल्यावर हा प्रश्न सुचतोच. समजा एप्रिलमध्ये दहा टक्के पगारवाढ मिळाली आणि वेतन ४२,९०० झाले. मग वर्षाचे २४,७५० आणि १९ वर्षांचे ४ लाख ७० हजार २५० होतील. एका वाढीने १९ वर्षांची किंमत बदलते. पत्रात हा हिशेब होता, पण सल्ला नव्हता. वाढ मिळेलच याची खात्री नसते, आणि घरी माणसाची गरज असताना ४२ हजारांसाठी महिनाभर जास्त थांबायचे का, हे कोष्टक सांगत नाही. तेरा दिवसांची गोष्ट वेगळी होती. तिथे रक्कम निश्चित होती आणि त्यासाठी फार थांबायचेही नव्हते.

दुखणे कुठे आहे?

कंपन्यांची तक्रार अशी की नव्या व्याख्येमुळे जुन्या वर्षांचा बोजाही एकदम वाढला. बोजा वाढला हे खरे आहे. पण तो वाढला कुठे, तर जिथे मूळ वेतन निम्म्याहून कमी ठेवून उरलेला पगार भत्त्यांत वाटला होता तिथे. ज्यांनी मूळ वेतन आधीच निम्म्यावर ठेवले होते, त्यांना या मर्यादेने वेगळा भार पडत नाही. वर्षानुवर्षे वाचवलेली रक्कम आता देणे लागली, याला अन्याय म्हणणे कठीण आहे.

खरी गैरसोय दुसरीच आहे. नोकरी देताना वार्षिक पॅकेजच्या कागदावर अनेक कंपन्या ग्रॅच्युइटी मूळ वेतनाच्या ४.८१ टक्के म्हणून ठळक दाखवतात. पॅकेज मोठे दिसावे म्हणून मांडलेला हा आकडा नंतर दर महिन्याच्या वेतनचिठ्ठीत कुठेच नसतो. भविष्य निर्वाह निधीचे पासबुक मोबाइलवर दिसते. ग्रॅच्युइटीचे मात्र किती वर्षे धरली, कोणत्या तारखेपासून, कोणते वेतन, हे कर्मचाऱ्याला राजीनाम्यानंतर कळते. तोवर तारीख बदलण्याची संधी गेलेली असते. कंपन्यांना ताळेबंदासाठी ही देणी दरवर्षी मोजावीच लागतात. तोच आकडा वर्षातून एकदा कर्मचाऱ्यालाही लेखी द्यायला काय हरकत आहे? रुजू झाल्याची तारीख, धरलेले वेतन आणि आजची रक्कम, अशा तीन ओळी वेतनचिठ्ठीखाली छापायला हव्यात. या महिलेच्या कंपनीत त्या छापल्या असत्या, तर २००८ ची चुकीची तारीख अठरा वर्षे टिकली नसती.

पत्राचा शेवट असा होता : ‘‘ताई, राजीनाम्यात शेवटचा दिवस ५ मार्च असे स्पष्ट लिहा आणि तो मान्य झाल्याचा ई-मेल घ्या. त्याआधी मनुष्यबळ विभागाला तीन प्रश्न लेखी विचारा. सेवा कोणत्या तारखेपासून धरली? वेतन किती धरले? वर्षे किती धरली? रकमेबद्दल भांडू नका. ही तीन उत्तरे बरोबर आली की रक्कम आपोआप बरोबर येते.’’

तिने दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला नाही. नियुक्तिपत्राची प्रत जोडून ते तीन प्रश्न आधी पाठवले.